आमची वाटचाल : बॅटरी उलटी जोडली तरी मशीन जगलं पाहिजे

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. बारा व्होल्टवर चालणारी शेतीची इलेक्ट्रॉनिक्स आम्ही बनवतो. आधी कुंपणाचं झटका मशीन होतं, मग फवारणी पंपाचे कंट्रोलर आले आणि आता लहान सोलर चार्जर. बाकीच्या गोष्टी इतर कारखान्यांसारख्याच झाल्या: जागा भाड्याची होती ती स्वतःची झाली, दोन माणसांचे आठ झाले. आमच्या मालात खरा फरक पडला तो बोर्डाच्या अगदी तोंडाशी, म्हणजे जिथे बॅटरीच्या दोन वायरी येतात तिथे. त्याबद्दलच लिहिते.

शेतात बॅटरी उलटी जोडली जाणारच, हे धरूनच आम्ही चालतो. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेत पहाटे फवारणीला निघालेला माणूस अंधारात क्लिपा लावतो. कुणीतरी मध्येच वायर बदललेली असते आणि दोन्ही वायरी काळ्याच असतात. संरक्षण नसेल तर उलट्या बॅटरीने पहिला जातो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तो फुगतो, कधी फुटतो. पाठोपाठ रेग्युलेटर आणि मायक्रोकंट्रोलर जातात. दुरुस्तीला आलेला बोर्ड वासावरूनच ओळखू येतो.

झटका मशीनला आम्ही सुरुवातीपासून प्लसच्या वायरीत ४००७ डायोड लावत आलो आणि आजही तोच लावतो. विहिरीच्या पाइपलाइनवरचा एनआरव्ही जे काम करतो तेच हा करतो: एका दिशेने जाऊ देतो, दुसऱ्या दिशेने अडवतो. आमचं मशीन सरासरी २०० मिलिअँपिअरच्या आत घेतं. डायोडवर साधारण ०.७ व्होल्ट पडतात, म्हणजे जेमतेम ०.१४ वॅट उष्णता. ती बोटाला जाणवतही नाही. स्वस्त, एकच पार्ट, दोनच पाय. पट्टीची खूण बोर्डावरच्या छापाशी जुळली की काम झालं. इथे ट्रान्झिस्टर लावा असं कुणी सांगितलं तर मी नको म्हणेन.

पंपाच्या कंट्रोलरचं गणित निराळं निघालं. साध्या पंपाची मोटर दोन-अडीच अँपिअर घ्यायची, तोवर शॉटकी डायोडवर भागत होतं. नंतर डबल मोटरच्या पंपांची मागणी आली आणि करंट सहा अँपिअरवर गेला. शॉटकीवर साध्या डायोडपेक्षा कमी व्होल्ट पडतात, तरी सहा अँपिअरला ०.५५ व्होल्ट धराच. ०.५५ गुणिले ६ म्हणजे ३.३ वॅट. हीटसिंक नसलेल्या टीओ-२२० पार्टला दर वॅटला साठेक अंश चढतात. म्हणजे हवेपेक्षा दोनशे अंश जास्त, अर्थात हीटसिंकशिवाय चालणारच नाही. त्यात सोलापूरचा मे महिना! सावलीतच बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि पंपाच्या बंद प्लॅस्टिक डब्यात त्याहून कितीतरी जास्त. औषध आत जाऊ नये म्हणून डबा बंद असतो, त्यामुळे हीटसिंक लावलं तरी उष्णता डब्यातच फिरते. शॉटकीचा आणखी एक स्वभाव असा की तो तापला की उलट्या दिशेची गळतीही वाढते.

पण आमच्याकडे तक्रार आली ती उष्णतेची नव्हती. मंगळवेढ्याचे एक डीलर म्हणाले, "ताई, पंप शेवटी शेवटी फडफडतोय. बंद पडतोय, परत सुरू होतोय. बॅटरी तर नवी आहे."

कंट्रोलर बॅटरी १०.८ व्होल्टला तोडतो, म्हणजे लेड-अ‍ॅसिड बॅटरी फार खाली उतरून खराब होत नाही. हे व्होल्ट आम्ही डायोडच्या पलीकडे, बोर्डाच्या बाजूला मोजत होतो. मोटर चालू असताना डायोड अर्धा व्होल्टाहून जास्त खायचा, त्यामुळे बॅटरी ११.३५ व्होल्टला असतानाच कंट्रोलरला १०.८ दिसायचे आणि तो तोडायचा. मोटर थांबली की करंट जवळपास शून्य, मग डायोडवरचे व्होल्ट उतरून पाव व्होल्टाच्या आसपास यायचे. भार गेल्यामुळे बॅटरीही थोडी सावरायची. कंट्रोलरला वाटायचं व्होल्ट आले, की मोटर पुन्हा सुरू. आकडा पक्का असता तर प्रोग्रॅममध्ये वजा करून टाकला असता, पण डायोडवरचे व्होल्ट करंटबरोबर बदलतात आणि उष्णतेबरोबरही. डायोडच्या अलीकडे मोजता येतं, फक्त मग उलटी बॅटरी लागली की मोजणीच्या वायरीतून मायनस व्होल्ट थेट मायक्रोकंट्रोलरच्या पायावर येतात, आणि तो पाय वाचवण्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

तिथून आम्ही पी-चॅनल मॉसफेटकडे वळलो. हा तीन पायांचा ट्रान्झिस्टर: गेटला मिळणाऱ्या व्होल्टवर ड्रेन आणि सोर्समधली वाट, म्हणजे चॅनल, उघडतो किंवा मिटतो. निवड केली आयआरएफ ४९०५ ची. गेटला दहा व्होल्ट मिळाले तर त्याचा रोध ०.०२ ओहम असतो. सहा अँपिअरला ०.१२ व्होल्ट आणि ०.७२ वॅट. पार्ट तापला की रोध दीडपट होतो, म्हणून मी ०.१८ व्होल्ट आणि १.१ वॅट धरते. एवढी उष्णता बोर्डावरचं रुंद तांबं आणि एक छोटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सहज उचलतात. व्होल्ट पलीकडून मोजले तरी आता फरक दशांशात राहतो. फडफड थांबली आणि बॅटरीतलं जे वाया जात होतं ते शेवटच्या टाकीला मिळू लागलं.

जोडणी मात्र नीट समजून घ्यावी लागते, कारण ती सवयीच्या उलटी आहे. बॅटरीचा प्लस ड्रेनला येतो आणि सोर्स बोर्डाकडे जातो. गेट एका रेझिस्टरमधून मायनसला. आम्ही ४७ किलोओहमचा वापरतो. मॉसफेटच्या पोटात एक डायोड असतोच आणि पी-चॅनलमध्ये तो ड्रेनकडून सोर्सकडे जाऊ देतो. बॅटरी बरोबर लागली की आधी या आतल्या डायोडमधून करंट जातो. सोर्स अकरा व्होल्टांच्या वर येतो, गेट शून्यावर असतं, हा फरक मिळताच चॅनल उघडतो आणि डायोडला बाजूला सारून सगळा करंट स्वतःकडे घेतो. बॅटरी उलटी लागली तर गेट आणि सोर्स दोन्ही एकाच पातळीवर राहतात, चॅनल उघडत नाही, आतला डायोडही अडवतो. बोर्डाला काही कळतच नाही.

दुरुस्तीला दुसरीकडचे बोर्ड येतात, त्यांत ड्रेन-सोर्सची अदलाबदल मी पुष्कळदा पाहिली आहे. मॉसफेट हाय-साइड स्विच म्हणून लावायची सवय असते, तिथे सोर्स बॅटरीकडे असतो, तसाच इथेही लावला जातो. सुलट बॅटरीवर असा बोर्ड बिनबोभाट चालतो आणि व्होल्टही तेवढेच कमी पडतात, म्हणून टेस्टिंगमध्ये पास होतो. उलटी बॅटरी लागल्यावर आतला डायोड सरळ वाट देतो आणि बोर्ड जळतो. म्हणून संरक्षण आहे की नाही हे सुलट जोडून कधीच कळत नाही. आमच्या टेस्टिंगच्या टेबलावर वहिनी प्रत्येक बोर्ड एकदा मुद्दाम उलटा जोडतात. बेंच सप्लाय १२ व्होल्टवर, करंटची मर्यादा १०० मिलिअँपिअरवर. मीटर शून्याच्या आसपास राहिला तर ठीक. सप्लाय मर्यादेला जाऊन व्होल्ट कोसळले तर बोर्ड बाजूला. मर्यादा लावलेली असल्यामुळे नापास बोर्डही जळत नाही.

दुसरी खबरदारी गेटची. या मॉसफेटच्या गेट-सोर्समध्ये वीस व्होल्टांपेक्षा जास्त चालत नाहीत. बारा व्होल्टच्या बॅटरीला हे पुरेसं वाटतं, पण मोटर बंद होताना किंवा लांब वायरीवरची क्लिप सैल झाली की क्षणभर उसळी येते. म्हणून गेट आणि सोर्समध्ये १५ व्होल्टचा झेनर डायोड लावायचा, म्हणजे त्याहून जास्त व्होल्ट तिथे चढत नाहीत; पट्टी सोर्सकडे. चोवीस व्होल्टच्या मालात तर झेनरला पर्यायच नाही. तिथे आम्ही १२ व्होल्टचा घेतो आणि ४७ किलोओहममधून झेनरला पाव मिलिअँपिअर जातो, जो बॅटरीला जड नाही.

गेट फुटलेला मॉसफेट फसवा असतो. बहुतेक वेळा गेट आणि सोर्स आतून शॉर्ट होतात, चॅनल उघडत नाही, पण पोटातला डायोड काम करतच राहतो. पंप चालतो, गिऱ्हाईक म्हणतं "चालतंय की", फक्त पार्टला हात लावता येत नाही. ओळखायला सोपं आहे: पूर्ण भारावर ड्रेन आणि सोर्समध्ये मल्टिमीटर धरा. शंभर-दोनशे मिलिव्होल्ट दिसले तर चॅनल उघडा आहे. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेलं तर करंट डायोडमधून चाललाय.

आता मॉसफेटला जे जमत नाही त्याबद्दल. डायोड करंट मागे जाऊ देत नाही. उघडा चॅनल दोन्ही दिशांनी सारखाच वाहतो. बॅटरी काढून लगेच उलटी लावली तर बोर्डावरचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अजून भरलेला असतो, सोर्स वर असतो, म्हणून चॅनल उघडाच राहतो आणि क्लिपेवर जोरात ठिणगी उडते. चार्ज उतरला की चॅनल मिटतो. आमच्या बोर्डावरचा पॉवर एलईडी २.२ किलोओहममधून हा चार्ज पाच-सहा सेकंदांत खाली आणतो, आणि एलईडी विझल्यावरच पुन्हा जोडा असं आम्ही डब्यावर छापतो.

पण सोलर चार्जरमध्ये पलीकडे कपॅसिटर नसून बॅटरीच असते. पॅनेलच्या तोंडाशी असा मॉसफेट लावला तर सोर्सला बॅटरीचे बारा व्होल्ट कायम मिळतात, चॅनल कधी मिटतच नाही. पॅनेल उलटं लागलं तर अडवायला कुणी नसतं, आणि रात्री बॅटरीतून करंट पॅनेलकडे परत वाहतो. म्हणून वीस वॅटच्या पॅनेलला आम्ही पुन्हा शॉटकीच लावला. करंट सव्वा अँपिअरच्या आत, उष्णता अर्धा वॅट. इथे डायोडने खाल्लेले व्होल्ट चार्जिंगमधून कमीही होत नाहीत, कारण आमचा चार्जर साधा पीडब्ल्यूएम आहे: पॅनेल सतरा-अठरा व्होल्ट द्यायला तयार असतं, बॅटरीला चौदाच हवे असतात, तो फरक एरवीही वापरला जात नाही. मोठ्या पॅनेलसाठी, जिथे दहा अँपिअरच्या वर करंट आहे, तिथे सध्या आम्ही एलएम ७४७०० ही आयसी आणि एन-चॅनल मॉसफेट अशी जोडी तपासतोय. ही आयसी मॉसफेटवरचे व्होल्ट सतत पाहते आणि करंट मागे फिरू लागला की गेट लगेच बंद करते.