तरतूद आहे, पण सिस्टिम म्हणते नाही: वीस टन तुरटीची गोष्ट

मी एका छोट्या नगरपरिषदेत पाणीपुरवठा विभागाचा लिपिक आहे. भांडारही माझ्याकडेच. 2019 च्या मे महिन्यात वीस टन तुरटी घ्यायची होती, आणि त्या तुरटीने मला ईआरपी, म्हणजे आमची खरेदी आणि हिशेबाची संगणकीय सिस्टिम, जितकं शिकवलं तितकं दोन दिवसांच्या प्रशिक्षणाने शिकवलं नाही. प्रशिक्षणात चहा मात्र चांगला होता.

आधी गरज सांगतो. आमचं जलशुद्धीकरण केंद्र दिवसाला 60 लाख लिटरचं. वर्ष दुष्काळी, धरणात तळाचं पाणी उरलेलं, त्यामुळे गढूळपणा उन्हाळ्यातच वाढलेला. तुरटी दिवसाला दीडशे किलो जात होती, पावसाळ्यात ती 240 किलोपर्यंत जाते. वीस टन म्हणजे पावसाळ्यातले साधारण 83 दिवस. दर किलोला साडेनऊ रुपये, म्हणजे 1,90,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 34,200. एकूण 2,24,200. इथेच पहिली टीप: मागणीपत्रात रक्कम करासह टाका. सिस्टिम तरतूद तपासते ती करासह. मी आधी 1,90,000 टाकले होते, आणि पुढे पुरवठा आदेश करताना आकडा जुळेना म्हणून सगळं पुन्हा केलं.

मागणी, टिपणी, तीन दरपत्रकं हे सगळं आठवड्याभरात झालं. दरपत्रकं 15 मे रोजी उघडली, त्यांची मुदत तीस दिवस. 20 मेला, सोमवारी, पुरवठा आदेश करायला बसलो आणि पडद्यावर लाल पट्टी आली: `Budget not available for selected head`.

मला वाटलं मी हेड चुकवलं. आमच्याकडे हिशेब द्विनोंदी पद्धतीने असल्यामुळे खर्चाचे हेड आकड्यांनी ओळखतात. 210 आस्थापना, 220 प्रशासकीय, 230 देखभाल-दुरुस्ती, 410 स्थिर मालमत्ता वगैरे. तुरटी 230 खाली, रसायनांच्या उपशीर्षात. तेच निवडलेलं होतं. त्या उपशीर्षाला सर्वसाधारण सभेने वर्षाला 12,00,000 मंजूर केले होते. एप्रिल-मे मिळून ब्लीचिंग पावडरीवर 1,40,000 गेलेले. म्हणजे 10,60,000 शिल्लक. लेखा विभागाच्या जाड नोंदवहीत लाल शाईने तेच लिहिलेलं होतं. सिस्टिम म्हणत होती 86,000.

पुढचे अठरा दिवस याच एका फरकात गेले.

पहिले दोन दिवस मी भांडलो. लेखापाल मॅडमना नोंदवही दाखवली. त्या म्हणाल्या, "अहो, वहीत झालेला खर्च लिहिलाय. सिस्टिम उद्या होणारा खर्चसुद्धा आजच वजा करते." तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. आता सांगतो ते असं: ईआरपीत उपलब्ध रक्कम म्हणजे तरतुदीतून झालेला खर्च आणि बांधील रक्कम, दोन्ही वजा करून उरते ती. पुरवठा आदेश निघाला की माल येवो न येवो, तेवढे पैसे बांधले जातात. आमच्याकडे तर मागणीपत्राला विभागप्रमुखाची मंजुरी मिळाली की तिथूनच बांधतात. कल्पना चांगली आहे. नाहीतर एकाच तरतुदीवर चार जण आदेश काढतात आणि मार्चमध्ये बिलं टेबलावर पडून राहतात. फक्त बांधलेलं सोडवायचं कुणी, हे कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मॅडमनी बांधील रकमांचा अहवाल काढून दिला. (तो मेनूत "अंदाजपत्रक" खाली नसतो, "खरेदी" खाली असतो. हे शोधायलाच एक दुपार गेली.) त्यात दोन ओळी होत्या. 4,20,000 आणि 5,54,000. बेरीज 9,74,000. दहा लाख साठ हजारांतून ती वजा केली की उरतात बरोबर 86,000. यंत्राचा हिशेब बरोबर होता, याचाच जास्त राग आला.

5,54,000 ची ओळ विद्युत विभागाची. मोटारींच्या दुरुस्तीचं मागणीपत्र. हेडची यादी उघडल्यावर जे वर दिसलं ते त्यांनी निवडलं होतं, आणि ते आमचं रसायनांचं निघालं. मुख्याधिकारी साहेबांनी कागदावर ते कधीच नामंजूर केलं होतं, पण सिस्टिममध्ये ते तसंच मंजूर होऊन बसलेलं. मॅडमनी परत पाठवलं, दहा मिनिटांत पैसे सुटले. लगेच आदेश करून मोकळा झालो असतो, 86,000 अधिक 5,54,000 म्हणजे 6,40,000 झाले होते. पण वित्तीय मान्यतेची टिपणी लेखा विभागाने अडवली. हेडवर मागच्या वर्षाची उघडी बाकी दिसत असताना नवी मान्यता नाही, आधी ती निस्तरा. नियम कुठे लिहिलाय, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मागच्या लेखापरीक्षणात याच्यावर आक्षेप आलाय, तो वाचून दाखवू का?" मी गप्प बसलो.

तर ती 4,20,000 ची ओळ. मागच्या वर्षी ब्लीचिंग पावडरीचा 5,90,000 चा आदेश गेला होता. पुरवठादाराने 1,70,000 चा माल दिला आणि हात वर केले. मार्चमध्ये उरलेला आदेश पत्राने रद्द झाला. पत्राची जावक नोंद आहे, फाईल आहे, सह्या आहेत. सिस्टिममध्ये मात्र आदेश उघडाच राहिला. 31 मार्चला न वापरलेली तरतूद व्यपगत होते, ती पुढच्या वर्षात येत नाही. उघडा आदेश मात्र येतो. म्हणजे मागच्या वर्षाचे पैसे गेले आणि मागच्या वर्षाचं ओझं या वर्षाच्या तरतुदीवर बसलं. वर्षअखेरीला कुणीतरी "सर्व उघडे आदेश पुढे न्या" यावर होय म्हटलं होतं.

आदेश अर्धवट बंद करायचं बटण असतं, पण ते ज्याने आदेश तयार केला त्यालाच दिसतं. तयार करणारा माझ्या आधीचा लिपिक. त्याची बदली झालेली, लॉगिन बंद केलेलं. मी त्याला फोन केला. "दादा, पासवर्ड सांगतो, पण लॉगिनच मेलंय," म्हणाला. संगणक विभागाने सांगितलं की लॉगिन पुन्हा चालू करणं नियमात नाही, आणि ते बरोबरच आहे. बदलून गेलेल्या माणसाच्या नावाने मे महिन्यात व्यवहार दिसला तर चौकशी कुणाची? मग उपाय एकच: त्या आदेशाची मालकी माझ्या नावावर करायची. ते काम सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांच्या मदतकक्षाचं, आणि त्यांना मुख्याधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र हवं.

23 मेला लोकसभेची मतमोजणी. अर्धं ऑफिस ड्युटीवर, साहेबही. पत्रावर सही 27 ला झाली. मदतकक्षाने तक्रार क्रमांक दिला आणि दोन दिवसांनी तक्रार "निकाली" काढली, शेरा असा की वापरकर्त्याने बटण वापरावे. मी पुन्हा तक्रार केली. पुन्हा निकाली. तिसऱ्या वेळी बटण न दिसणाऱ्या पडद्याचं चित्र, रद्दचं पत्र आणि मुख्याधिकाऱ्यांचं पत्र अशी तिन्ही एकत्र जोडली, तेव्हा माणसाचा फोन आला. हे पहिल्याच दिवशी करा, माझा आठवडा त्यातच गेला.

7 जूनला बटण दिसलं. दाबलं, तर तारीख विचारते. मी भोळेपणाने 31 मार्च टाकली. नाकारली, कारण मागचं वर्ष बंद झालं होतं. चालू तारीख टाकली आणि 4,20,000 सुटले. मी खुर्चीत मागे टेकून शिपायाला चहा सांगितला, मॅडमनासुद्धा.

या सगळ्यात तुरटीचं काय? 20 मेला भांडारात 36 पोती होती, पन्नास किलोची. ती जेमतेम बारा दिवसांची. शेवटी शेजारच्या नगरपरिषदेच्या केंद्रातून 40 पोती उसनी आणली. त्या वर्षी पाऊस उशिरा आला म्हणून वाचलो, नाहीतर ती आठ दिवसांत संपली असती.

दरपत्रकांचं सांगायचं राहिलं. त्या वेळी तीन लाखांपासून पुढे ई-निविदा लागायची, त्याखाली दरपत्रकं चालत. (ही मर्यादा पुढे बदलली, आजचा शासन निर्णय पाहूनच चाला.) वीस टन तीन लाखांत बसत होते, म्हणून एक ज्येष्ठ म्हणाले, "आत्ता वीस घे, सप्टेंबरात पुन्हा वीस." मी वर्षाचा वापर काढला तर बेचाळीस टनांच्या आसपास, करासह साडेचार लाखांच्या वर. म्हणजे दोनदा दरपत्रकं मागवणं हे सरळसरळ तुकडे पाडणं, आणि उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या खरेदी नियमपुस्तिकेला तेच नको आहे. सिस्टिम हे पकडत नाही, ती एकेक आदेश बघते. पण त्याच सिस्टिममधून वस्तूनिहाय वर्षाची खरेदी एका क्लिकवर निघते, आणि ती क्लिक लेखापरीक्षकाला येते. मी टिपणीत हिशेब मांडला. साहेबांनी ही वीस टनांची खरेदी पाण्याची निकड म्हणून मान्य केली आणि उरलेल्या वर्षासाठी दरकराराची ई-निविदा काढायला सांगितली. जानेवारीतच वर्षाची गरज काढून निविदा लावली असती तर यातलं काहीच घडलं नसतं, पण जानेवारीत तुरटी कुणाला आठवते.

10 जूनला पुरवठा आदेश निघाला, दरपत्रकांची मुदत संपायला चार दिवस असताना. 14 ला ट्रक आला.

आता उसन्या पोत्यांचं. चाळीस पोती परत द्यायची होती. सिस्टिममध्ये उसनवारी नावाचा प्रकारच नाही. आणलेली कागदावर घेतली होती, परत देताना मात्र भांडारातून काढायला विभाग निवडावा लागतो. मी आमचंच जलशुद्धीकरण केंद्र निवडलं. दुसरा मार्ग नव्हता. वर्षभराने लेखापरीक्षण पथकाचा अर्धसमास, म्हणजे लेखी आक्षेप, आला: एका दिवसात 2,000 किलो तुरटी वापरली, म्हणजे दर लिटरला 333 मिलिग्रॅम, खुलासा करावा. गणित चोख होतं. शेजारच्यांची पोच आणि टेम्पोची चिठ्ठी जोडून खुलासा दिलाय. तो अजून मान्य झालेला नाही.