एकच वाटण, दोन पातेली

*"तुमच्याकडे महिन्यातून एकदा सगळे शेजारी एकत्र जेवतात, त्यातले निम्मे शाकाहारी. एवढी चिडवाचिडवी चालते, तरी कुणी रुसून कसं बसत नाही?"*

रुसले होते एकदा. म्हणजे रुसल्या म्हणता येणार नाही, पण त्या दिवशी शेजारच्या काकू नुसता दहीभात खाऊन उठल्या. डाळिंबी उसळीच्या पातेल्यात कुणीतरी कोंबडीच्या रश्श्याचा डाव घातला होता. काकूंनी ते पाहिलं आणि "आज भूक नाही गं" म्हणाल्या. मला कळलं ते रात्री भांडी घासताना, माझ्या मुलीने सांगितलं तेव्हा. काकू ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे शाकाहारी पातेल्यांच्या डावांना पिवळा दोरा बांधलेला असतो. कोल्हापूरचे भावोजी त्याला "डावाची मुंज" म्हणतात. पहिल्यांदा काकूच खळखळून हसल्या होत्या त्यावर.

मी मालवणची. आमच्यात कोंबडी-वडे, आणि ज्या वारी वशाट चालत नाही त्या वारी काळ्या वाटाण्याचं सांबारं. दोन्हीचा जीव एकाच वाटणात असतो. आमच्या बारा माणसांना मी साधारण दोन नारळ आणि आठ मोठे कांदे घेते. कांदा उभा चिरून आणि खोबरं किसून वेगवेगळं भाजायचं, खोबरं चांगलं तांबूस होईपर्यंत. घाई केली की रश्श्याला कच्चट गोडवा येतो. दोन्ही एकत्र वाटून झालं की कुठल्याही पातेल्याकडे वळायच्या आधी त्याचे दोन भाग करायचे. एकदा कोंबडीत घालून उरलेलं वाटण सांबाऱ्याला वापरायला गेले, तर चमचा आधीच पातेल्यात बुडालेला होता. पुन्हा नारळ खवत बसले.

काळे वाटाणे अर्धा किलो, आदल्या रात्री भिजवलेले. कुकरमधून काढले की बोटात दाबून बघायचे. साल नुसतं सरकलं आणि आत खडा लागला, तर परत शिजवायचे. मूठभर वाटाणे ठेचून घातले की रस्सा दाट होतो. मालवणी मसाला दोन्ही पातेल्यांत सारखाच. त्यामुळे वाटीत वाढल्यावर रंग इतका सारखा दिसतो की दोरा नसता तर मीही चुकले असते.

वडे तांदूळ-उडदाच्या पिठाचे, त्यात धणे, मेथी, बडीशेप. मुळात शाकाहारीच. तेलाकडे मात्र लक्ष लागतं. आधी सगळे वडे तळून घ्यायचे, मग मासे तळायचे असले तर दुसरी कढई. आधी मासे तळलेल्या तेलात वडे सोडले तर सांगून टाकायचं आणि ते वडे मासे खाणाऱ्यांच्या ताटात जाऊ द्यायचे. लपवून वाढणं ही थट्टा नाही. "काय फरक पडतो, कळणारही नाही" असं एका पाहुण्याने म्हटलं होतं, त्याला मी फक्त भात वाढायचं काम दिलं.

सोलकढी मधोमध. तीही पिवळ्या दोऱ्याची. कोकम आणि नारळाचं दूध, त्यावर सगळ्यांचा हक्क.

आता चिडवण्याचं. आमच्याकडे प्रत्येकजण आपल्याच ताटावर बोलतो, हे ठरवून झालेलं नाही, सवय पडली. काकू स्वतःच म्हणतात, "आमचं घासफूस आलं का?" भावोजी म्हणतात, "माझ्या कोंबडीचे पाय मोजा, मला तिसरा हवाय." "एकदा खाऊन तर बघा" हे वाक्य मात्र इथे चालत नाही, आणि "बिचारा जीव" हेही नाही. दोन्हींनंतर समोरचा घास खाली ठेवतो, ते मी पाहिलंय. वासाबद्दल नाक मुरडणाऱ्याला खिडकीजवळ जागा देतो, बाकी काही म्हणत नाही. सुकट भाजायची असेल तर मी ती सकाळीच उरकते, जेवायच्या वेळी नाही. सुकटीचा वास पडद्यांतही राहतो, हे मालवणीच माणूस कबूल करेल.

श्रावणात सगळं उलटं होतं. आम्हीही वशाट सोडतो, आणि मग काकूंना जोर चढतो. मागच्या श्रावणात दारातच विचारलं, "काय गं, कोंबड्या सुटीवर ना? मग सगळी पातेली माझी." भावोजी कॅलेंडरवर दिवस मोजत बसले होते. काकूंनी त्यांच्या वाटीत सांबारं वाढलं, आणि ते म्हणाले, "काकू, मसाला तोच, वाटण तेच. फक्त हाडं नाहीत, चोखायला काय?"

"वाटाण्याची सालं," काकू म्हणाल्या.