नऊ अक्षरं, तीस सेकंद

शाळेच्या इंग्रजी मंडळातलं सगळ्यात जास्त काय आठवतं, असं कुणी विचारलं तर मी अक्षरांची फेरी म्हणेन. ब्रिटनमध्ये १९८२ पासून चालू असलेल्या ‘काउंटडाउन’ या टीव्ही कार्यक्रमातला हा खेळ आमच्या इंग्रजीच्या सरांनी पुठ्ठ्याचे पत्ते कापून वर्गात आणला होता. एक गड्डी स्वरांची, दुसरी व्यंजनांची. खेळणारा ‘स्वर’ किंवा ‘व्यंजन’ म्हणेल तसा एकेक पत्ता उलटायचा. नवांत निदान तीन स्वर आणि चार व्यंजनं हवीत. मग तीस सेकंदांत सर्वांत लांब इंग्रजी शब्द शोधायचा. एक पत्ता एकदाच वापरायचा, विशेषनाम चालत नाही. जितकी अक्षरं तितके गुण, आणि नऊच्या नऊ बसली तर अठरा.

सर शब्द शेवटाकडून शोधायला शिकवत. इंग्रजी शब्दांची सुरुवात कशीही होऊ शकते, पण शेवट मोजकेच आणि ओळखीचे असतात. आम्ही त्यांना शेपट्या म्हणायचो: आयएनजी, ईडी, ईआर, ईएसटी. शेपटी कागदाच्या उजव्या टोकाला लिहायची आणि उरलेली अक्षरं डावीकडे गोलात मांडायची, म्हणजे पत्ते निघाले तोच क्रम डोळ्यांना चिकटून राहत नाही. नऊ अक्षरांशी झुंजण्याऐवजी सहांतून चार-पाच अक्षरांचा धातू शोधणं कितीतरी सोपं.

एक डाव मी आजही नव्या मुलांना मांडून दाखवतो. अक्षरं अशी: एन, ए, टी, आय, जी, आर, ई, डी, एस. आयएनजी दिसताच बाजूला काढलं. उरले ए, टी, आर, ई, डी, एस. टी-आर-ए-डी जोडले की व्यापाराचं ट्रेडिंग, सात अक्षरं. मधे ई घातला की टी-आर-ई-ए-डी, म्हणजे तुडवणं, आणि आठ अक्षरं झाली. दहा सेकंदांत आठ, ही भक्कम सुरुवात.

इथेच एक सापळा आहे. याच अक्षरांत ‘ट्रेनिंग’ आणि ‘ग्रेडिंग’ सगळ्यांना दिसतात, कारण ते रोजचे शब्द. पण ट्रेनिंगला दोन आय आणि दोन एन लागतात, ग्रेडिंगला दोन जी. पत्ता एकेकच आहे. सरांची कसोटी सोपी होती: शेपटीत गेलेलं अक्षर धातूत पुन्हा आलं, की त्याचा दुसरा पत्ता समोर आहे का ते बघायचं. नसेल तर शब्द तिथेच सोडायचा. ही तपासणी शब्द लिहून झाल्यावर करायची नाही. धातू उरलेल्या सहांतूनच उचलायचा, म्हणजे तिची गरजच पडत नाही.

आता शेपटी बदलायची. ईडी उजवीकडे नेला तर डावीकडे एन, ए, टी, आय, जी, आर, एस. त्यातून ‘स्ट्रेन’ मिळतो आणि ‘स्ट्रेन्ड’ आठ अक्षरांचा होतो. ईएसटी नेला तर ‘ग्रँड’वरून ‘ग्रँडेस्ट’, पुन्हा आठ. तीन शेपट्या, तिन्हींचे आठ. बरेच खेळाडू इथे थांबतात.

मला या पद्धतीची खरी मर्यादा इथेच कळली. आयएनजी एकदा बांधलं की जी शेवटालाच अडकतो. तो पहिला येऊ शकतो हे मन पाहतच नाही. म्हणून निम्मा वेळ संपला की सगळ्या ठळक शेपट्या मोडायच्या, असा सरांचा नियम. एस आधी एकदम टोकाला ठेवायचा, कारण अनेकवचन फुकट एक अक्षर देतं. मग त्याच्या आधी कमी चलनातली शेपटी लावायची. ईएनटी लावून पाहिली की उरतात ए, आय, जी, आर, डी. जी पुढे आणला की जी-आर-ए-डी-आय, आणि ‘ग्रेडियंट्स’ पूर्ण. नऊ अक्षरं, अठरा गुण.

ईएनटी आम्ही पहिली का लावत नव्हतो? कारण बहुतेक डावांत तिच्यातून काही निघत नाही, आणि आयएनजी, ईडी यांतून सहा-सात अक्षरं हमखास हाती येतात. तेवढं कागदावर असल्याशिवाय मोठ्या शब्दामागे धावू नये, असं माझं ठाम मत आहे. वेळ संपल्यावर आधी लांबी जाहीर करावी लागते आणि मग शब्द. नऊ सांगून शब्द शब्दकोशात नसला तर शून्य मिळतं, खात्रीचे आठ खाली लिहिलेले असले तरीही. मंडळातल्या मुलांना मी एवढंच सांगतो, की जाहीर करण्याआधी शब्दातल्या प्रत्येक अक्षरासाठी एकेका पत्त्यावर बोट ठेवा.