टपाल तिकिटांचा कॅटलॉग: CS चं भूत एकदाचं उतरलं

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये म्हटलं होतं की देश-कॉलमला आयएसओचे दोन अक्षरी कोड लावले की शीट संपली, फक्त स्कॅन उरले. कसलं काय. तीन रविवार एकट्या CS ने खाल्ले.

झालं असं की CS चा फिल्टर लावला तर प्रागची १९८८ ची तिकिटं आणि बेलग्रेडची २००४ ची तिकिटं एकाच ढिगात. आधी वाटलं मीच टाइप करताना घोळ घातला, तीनदा तपासलं. घोळ माझा नव्हताच. CS आधी चेकोस्लोव्हाकियाचा होता, १९९३ मध्ये तो देशच राहिला नाही म्हणून कोड काढला, आणि २००३ मध्ये युगोस्लाव्हियाने नाव बदलून सर्बिया आणि माँटेनेग्रो केलं तेव्हा तोच CS उचलून त्यांना दिला. दहा वर्षांत! जुना डेटा कोणाकडे असेल हा विचार केला की नाही कोण जाणे. बोंबाबोंब झाल्यावर नियम बदलला, आता सोडलेला कोड निदान ५० वर्षं दुसऱ्याला द्यायचा नाही.

मग म्हटलं तीन अक्षरी घेऊ, तिथे चेकोस्लोव्हाकिया CSK आणि दुसरा SCG, भांडण मिटलं. पण खरी गंमत तीन आकडी कोडात निघाली. अक्षरी कोड साधारण नावाच्या मागे जातात, आकडे युएनच्या सांख्यिकी विभागाचे असतात आणि ते जमिनीच्या मागे जातात. बर्माचं म्यानमार झालं तेव्हा BUR चं MMR झालं पण 104 तसाच राहिला. जर्मनीचं उलटं, एकीकरणानंतर DE तोच, पण पश्चिम जर्मनीचा 280 जाऊन 276 आला. हे लक्षात आलं आणि माझं युगोस्लाव्हियाचं पाकीट आपोआप दोन भागात पडलं: फुटण्याआधीचा मोठा देश 890, फुटल्यानंतर उरलेला 891, आणि दोघांचाही अक्षरी कोड YU. २००३ मध्ये नाव बदललं पण जमीन तीच, म्हणून SCG ला पण 891 च! म्हणजे एकटा कोणताच कोड पुरत नाही.

उपाय आयएसओ ३१६६ च्या तिसऱ्या भागात आहे, तिथे मेलेल्या कोडांना चार अक्षरं मिळतात. पहिली दोन जुनी, पुढची दोन म्हणजे पुढे काय झालं ते. बर्मा BUMM, झैरे ZRCD. एकच वारसदार नसेल तर HH, म्हणून चेकोस्लोव्हाकिया CSHH. सर्बिया-माँटेनेग्रोलाही HH च लागलं असतं, पण CSHH आधीच गेलेलं, मग त्याला CSXX. आता माझी चार तिकिटं अशी बसली:

```
1988 चेकोस्लोव्हाकिया     CSHH 200
2002 युगोस्लाव्हिया        YUCS 891
2004 सर्बिया-माँटेनेग्रो   CSXX 891
2007 सर्बिया               RS   688
```

२००२ आणि २००४ मध्ये आकडा एकच, कोड वेगळा, हेच तर हवं होतं. तो फिल्टर चालला तेव्हा रात्री साडेबाराला घरात कोणी ऐकायला नव्हतं म्हणून इथे सांगतोय.

एक्सेलबद्दल मात्र बोलायलाच नको. अफगाणिस्तानचा 004 त्याने गुपचूप 4 केला. मग पायथनमध्ये गेलो तर नामिबियाची सगळी तिकिटं गायब, कारण NA म्हणजे रिकामा रकाना असं तिथल्या पांडास लायब्ररीला वाटतं. दोन्हीवर ही एक ओळ, पण सीएसव्ही काढण्याआधी एक्सेलमध्ये तो कॉलम टेक्स्ट करून घ्या, एकदा शून्य गेलं की पायथन ते परत आणत नाही:

```
pd.read_csv("stamps.csv", dtype=str, keep_default_na=False)
```

राज्यांच्या कॉलममध्ये आळस केला तो पण नडला. आपलं महाराष्ट्र IN-MH, देशाचे दोन अक्षर, मधे रेघ, पुढे जास्तीत जास्त तीन अक्षरं किंवा आकडे. मी नुसतं MH लिहीत होतो आणि ते जाऊन बसलं मार्शल बेटांमध्ये. गोव्याचं GA गॅबनमध्ये. IN- काढायचं नाही, बस. आणि हे राज्यांचे कोड पण बदलतात बरं का, ओडिशा २०२३ मध्ये IN-OR चं IN-OD झालं, तेव्हा जुनी यादी उतरवून घेतली असेल तर परत बघा.

खरंतर इथे थांबणार होतो, पण गोवा टाइप करताना पोर्तुगीज इंडियाचं पाकीट आठवलं. १९६१ च्या आधीची तिकिटं, आणि हे कोड सुरूच झाले १९७४ ला, म्हणजे त्यांना ISO मध्ये जागाच नाही, IN-GA लावणं तर चूकच. पण XA ते XZ मुद्दाम मोकळे ठेवलेत, आपापल्या वापरासाठी, कोसोवोसाठी लोक XK वापरतात ते त्यातलंच. तर पोर्तुगीज इंडियाला XG आणि हैदराबाद संस्थानाला XH. स्कॅन पुढच्या महिन्यात, आधी संस्थानांची यादी करतो, कोणाकडे तयार असेल तर द्या, पण सगळे मिळून २६ पेक्षा जास्त कोड लागले तर तीन अक्षरी XAA पासून सुरुवात करावी लागेल.