तो तिचा कोण होता

‘माझ्या मैत्रिणीचा घटस्फोट होऊन नऊ वर्षं झाली. परवा तिचा पहिला नवरा गेला. ती कोलमडली आहे, पण भेटायला जावं की नाही हेच कळत नाही. गेले तर बोलायचं काय?’

जा. आणि गेल्यावर त्याचं नाव घ्या. ‘तो गेल्याचं कळलं. तुझी आठवण आली म्हणून आले,’ एवढं बोललात तरी तिला पुढचं बोलता येईल.

शोकात असलेल्या माणसांशी बोलणं हे माझं काम आहे. अशा वेळी लोक का थबकतात, हे मला कळतं. नवरा गेला, वडील गेले, तर जगाला काय करायचं ते ठाऊक असतं: कोणाला आधी कळवायचं, कोणाशेजारी बसायचं, कोणाला सुट्टी द्यायची. पूर्वीच्या जोडीदारासाठी या सगळ्यात जागाच ठेवलेली नसते. १९८९ साली केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने अशा शोकावर सविस्तर लिहिलं. जो शोक उघडपणे कबूल केला जात नाही, ज्याला समाजाची मान्यता नाही आणि जो चारचौघांत करता येत नाही, असं त्याचं वर्णन त्याने केलं. नातं मान्य नसणं हे त्याने सांगितलेलं एक मुख्य कारण. घटस्फोटित जोडीदार नेमका तिथे अडकतो. नातं एके काळी पूर्ण मान्य होतं, मग रीतसर संपवलं गेलं. त्यामुळे लोकांच्या हिशेबी तिचं जे जायचं होतं ते तेव्हाच गेलं.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सोळा वर्षांचा संसार, मग घटस्फोट, एक मुलगा. नवऱ्याने पुढे दुसरं लग्न केलं. एका सकाळी मुलाचा फोन आला, ‘बाबा गेले.’ त्यांनी मुलाला धीर दिला, कोणाकोणाला कळवायचं ते विचारलं, आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कोणी कळवणार नव्हतंच. मुलगा नसता तर महिन्या-दोन महिन्यांनी कोणा तिसऱ्याच्या तोंडून कळलं असतं. कार्यालयातल्या सुट्टीच्या नियमांत नवरा होता, पूर्वीचा नवरा नव्हता. त्यांनी तब्येतीचं कारण सांगून रजा काढली. अंत्यविधीला त्या मागे उभ्या राहिल्या. पुढे त्याची पत्नी होती आणि तिच्याशेजारी यांचा मुलगा. जुन्या ओळखीचं कोणीतरी जवळ येऊन म्हणालं, ‘तुम्हीही आलात? मोठं मन आहे तुमचं.’

हे वाक्य त्यांना सगळ्यात जास्त लागलं. बोलणाऱ्याने चांगल्या मनानेच म्हटलं होतं. पण त्याचा अर्थ असा होत होता की तुमचं काही गेलेलं नाही, तुम्ही उपकार म्हणून आलात. पुढचे अनेक आठवडे जो भेटेल तो विचारायचा, ‘मुलगा कसा आहे? त्याला जप.’ तुम्ही कशा आहात, हे एकानेही विचारलं नाही. मूल असलं की हे हमखास होतं. आईचं दुःख मुलाच्या दुःखात जमा करून टाकतात आणि तिच्याकडे फक्त त्याला सांभाळण्याचं काम उरतं. माझ्यासमोर बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘खरं तर मला रडायचा हक्क नाही.’

मी त्यांना विचारलं, ‘तुमचं नेमकं काय गेलं?’ हा प्रश्न मी मुद्दाम विचारते, कारण त्यात उत्तर गृहीत धरलेलं नसतं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘पंचविशीतली मी कशी होते, हे माहीत असलेला माणूस गेला.’ पहिलं भाड्याचं घर, पैशांची ओढाताण, मुलगा तान्हा असताना जागवलेल्या रात्री, हे सगळं जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. आता एकीलाच. बोलणं तुटलं होतं तरी तो कुठेतरी होता, आणि तो आहे तोवर त्या दिवसांना दुसरा साक्षीदार होता.

दुसरी गोष्ट त्यांनी फार उशिरा सांगितली. घटस्फोटात जे आरोप झाले, त्यातला एक खोटा होता आणि तो खोटा आहे हे त्यालाही माहीत होतं. एक ना एक दिवस तो तसं म्हणेल, निदान मुलाच्या लग्नात, म्हातारपणी, असं त्यांना वाटत राहिलं होतं. त्या वाट पाहत होत्या हे त्यांनाही तो गेल्यावरच कळलं.

म्हणून ‘तू तर त्याला नऊ वर्षांपूर्वीच गमावलंस’ हे सांत्वन चुकतं. तेव्हा लग्न गेलं होतं आणि माणूस जिवंत होता. माणूस जिवंत असतो तोवर भांडणही जिवंत असतं, आणि समेटाची शक्यताही, कितीही लहान असली तरी. मृत्यूने ती शक्यता संपते. शिवाय घटस्फोटाच्या वेळी वकील, घर, मुलाची शाळा, पैसे या धावपळीत अनेकांना त्या लग्नासाठी रडायला वेळच मिळालेला नसतो. तो राहिलेला शोक आत्ताच्या शोकाबरोबर वर येतो. बाहेरच्याला वाटतं ही जरा जास्तच करतेय. ती एकाच वेळी दोन गोष्टींसाठी रडत असते.

आता तुमच्या मैत्रिणीकडे येते. ती रडते आहे म्हणजे तिचं त्याच्यावर अजून प्रेम होतं, असा निष्कर्ष काढू नका. आणि तो तिच्याशी वाईट वागला होता म्हणून तिला सुटल्यासारखं वाटत असेल, असाही नको. या शोकात राग, सुटका, माया, अपराधीपणा, कधी दुसऱ्या पत्नीचा हेवा, हे सगळं एका दुपारीसुद्धा येऊन जाऊ शकतं. त्यातली एखादी भावना तुम्ही उचलून धरलीत की बाकीच्या तिला लपवाव्या लागतात. ‘तसा माणूस चांगलाच होता गं’ म्हणालात तर तिने सोसलेलं खोटं ठरतं. ‘बरं झालं वेळीच सुटलीस’ म्हणालात तर तिचे अश्रू खोटे ठरतात. त्यापेक्षा ‘तुम्ही दोघं कसे भेटला होतात?’ असं विचारा. घटस्फोटानंतर हा प्रश्न कोणी विचारत नाही. किंवा ‘आज काय जास्त आठवतंय?’ एवढंच. ती रागाने बोलली तर राग ऐका, हसून काही सांगितलं तर तुम्हीही हसा. नात्यात मारहाण किंवा छळ झालेला असेल तर तिच्या तोंडून आल्याशिवाय एकही चांगली आठवण सुचवू नका. काही जणींना काहीच वाटत नाही, आणि तेही खरं असतं. तेव्हा शोक व्हायलाच हवा असा आग्रह तुम्ही धरू नका.

तिचा सध्याचा जोडीदार असेल तर तो बहुधा अवघडलेला असेल. ‘तिला रडू दिलं तर मी कोण?’ हा प्रश्न तो मोठ्याने विचारत नाही, पण घरात वावरत असतो. त्याच्यासमोर ती मोकळी होईलच असं नाही. तुमच्या भेटीत थोडा वेळ तरी दोघीच असाल असं पाहा.

अंत्यविधीला किंवा शोकसभेला जाण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्या दिवशीचा मान आत्ताच्या पत्नीचा. पूर्वीच्या पत्नीचं दुःख खरं आहे, म्हणून तिला पहिल्या रांगेत जागा मिळायलाच हवी असं होत नाही. पण जायचं की नाही हे तिने ठरवावं. जायचं असेल तर एखाद्या मध्यस्थाकरवी आधी कळवलेलं बरं, म्हणजे दारात कोणाचीच कुचंबणा होत नाही. आणि तिला एकटीला जाऊ देऊ नका. कोणीतरी फक्त तिच्यासाठी सोबत असलं की ‘तुम्ही कशा काय?’ या नजरांचा भार वाटला जातो. जाता आलं नाही तर निरोप वेगळा घेता येतो. पत्र लिहायचं, त्यात न बोललेलं सगळं लिहायचं, आणि ते कोणा एकासमोर मोठ्याने वाचायचं. ऐकणारं माणूस इथे महत्त्वाचं, कारण या शोकाला कमी पडतो तो साक्षीदारच.

त्या बाईंनी तसं पत्र लिहिलं. खोट्या आरोपाबद्दलचा परिच्छेद त्यांनी तीनदा खोडला आणि शेवटी ठेवला. मग एक गोष्ट घडली, जी मी सुचवली नव्हती. त्यांनी मुलाला त्याचे आईबाबा लग्नाआधी कसे होते ते सांगायला सुरुवात केली. घटस्फोटानंतर त्या घरात वडिलांचा विषय खर्च आणि सुट्ट्यांच्या वाटणीपुरताच निघायचा. आपल्या आईबाबांना एकमेकांची संगत कधी आवडत होती, हे त्या मुलाला माहीतच नव्हतं. तो प्रश्न विचारत राहिला आणि त्या सांगत राहिल्या. एक काळजी मात्र त्यांनी घेतली: न आलेल्या माफीचं दुःख त्याच्यापुढे मांडलं नाही. तो स्वतः बापाला मुकला होता, आईला सावरण्याचं ओझं त्याच्यावर नको होतं. ते दुःख माझ्यासमोर आणि एका मैत्रिणीसमोर.

किती दिवस हे चालेल, असं पुढे तुमच्या मनात येईल. दुःख मधूनच उसळतं आणि मधले दिवस ठीक जातात, हे नेहमीचं आहे. पण बरेच महिने उलटूनही ओढ जवळजवळ रोज तितकीच तीव्र असेल, काम, झोप, माणसं यांतलं काहीच रुळावर येत नसेल, तर तिला तज्ज्ञाकडे न्या. २०२२ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत दीर्घकाळ टिकणाऱ्या शोकविकाराचा समावेश झाला. मोठ्यांसाठी तिथे किमान १२ महिन्यांची अट आहे. त्या व्याख्येत गेलेली व्यक्ती शोक करणाऱ्याच्या ‘जवळची’ असावी एवढंच म्हटलं आहे. कागदावर नातं चालू असावं अशी अट नाही. ‘घटस्फोट झालाय, डॉक्टरांना काय सांगू?’ असं ती म्हणाली तर तिला हे सांगा. जिवाला काही करून घेण्याचं ती बोलली तर मात्र महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी मदत मिळवा.

आणि तारखा लक्षात ठेवा. त्याच्या मृत्यूची तारीख त्याच्या घरचे पाळतील. पण त्या दोघांच्या लग्नाची तारीख आता एकट्या तिच्याच लक्षात असेल आणि ती कोणाला सांगणार नाही. बोलण्याच्या ओघात कळली तर लिहून ठेवा. त्या दिवशी फोन करा, ‘आज ती तारीख आहे ना? बोलायचंय का काही?’ एवढंच विचारा. ती नको म्हणाली तर दुसऱ्या विषयावर बोला, पण फोन करा.