तुम्ही विचारलंत म्हणून: मिडपॉइंटची एरर निम्मी का?

"मॅडम, वक्राखालचं क्षेत्रफळ काढताना ट्रॅपेझॉइडल रूल पट्टीची दोन्ही टोकं धरतो, मिडपॉइंट रूल मधला एकच पॉइंट घेतो, तरी मिडपॉइंटची एरर निम्मी कशी काय?"

कॉलेज रोडला क्लासमध्ये दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच, आणि विचारायलाच हवं, कारण पुस्तकात नुसते दोन फॉर्म्युले शेजारी शेजारी छापलेले असतात, एकात १२ आणि एकात २४, आणि पोरं ते पाठ करून मोकळी होतात.

मिडपॉइंटचा आयत काढा आणि त्याची वरची आडवी बाजू मधल्या बिंदूपाशी धरून तिरकी करा. एका बाजूला जेवढं क्षेत्रफळ वाढतं तेवढंच दुसऱ्या बाजूला कमी होतं, म्हणजे एकूण तेच राहतं. मग ती बाजू इतकी तिरकी करा की ती वक्राची स्पर्शिकाच होईल. म्हणजे मिडपॉइंट रूल दिसतो आयतासारखा, पण खरं तर तो स्पर्शिकेखालचं क्षेत्रफळ मोजतोय, आणि ट्रॅपेझॉइड जीवेखालचं. एवढं एकदा डोळ्यासमोर आलं की पुढचं सोपं आहे.

आता `x²` घ्या, -१ ते १, एकच पट्टी. खरं उत्तर २/३. मधल्या बिंदूला किंमत ० म्हणून मिडपॉइंट सांगतो ०, म्हणजे २/३ ने कमी. दोन्ही टोकांना किंमत १ म्हणून ट्रॅपेझॉइड सांगतो २, म्हणजे ४/३ ने जास्त. बरोब्बर दुप्पट, आणि उलट्या दिशेला. कुठलाही गुळगुळीत वक्र बारीक पट्टीत बघितला तर जवळपास असाच पॅराबोला दिसतो, म्हणून हीच दुप्पट सगळीकडे उतरते:

```
|E_T| ≤ K(b-a)³ / (12n²)
|E_M| ≤ K(b-a)³ / (24n²)
```

`n` म्हणजे पट्ट्यांची संख्या, आणि `K` म्हणजे `[a, b]` वर `|f''|` ज्याच्या वर जात नाही अशी संख्या.

मी नेहमी `1/x` चं १ ते २ संकलन करायला लावते, कारण उत्तर `ln 2`, म्हणजे ०.६९३१४७, आधीच माहीत असतं. चार पट्ट्या केल्या की ट्रॅपेझॉइड ०.६९७०२४ देतो आणि मिडपॉइंट ०.६९१२२०. चूक पहिल्याची सुमारे ०.००३९, दुसऱ्याची ०.००१९. इथे `f'' = 2/x³`, ते १ पाशी सगळ्यात मोठं, म्हणून `K = 2`, आणि बाउंड येतात ०.०१०४ आणि ०.००५२. खरी चूक त्यापेक्षा बरीच कमी आहे, कारण बाउंड सगळ्यात वाईट ठिकाणचा बाक पूर्ण अंतरावर धरतो आणि २ कडे जाईपर्यंत वक्र पुष्कळ सरळ झालेला असतो. बाउंड ही चुकीची कमाल मर्यादा आहे, चुकीचा अंदाज नाही, हे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. हा वक्र वरच्या बाजूला उघडा आहे, म्हणून स्पर्शिका कायम खाली आणि जीवा कायम वर, म्हणजे खरं उत्तर दोन्ही आकड्यांच्या मध्येच अडकलेलं असणार, बाउंड न काढताही! आणि चुका उलट्या दिशेच्या आणि दुप्पट-निमपट असल्यामुळे मिडपॉइंटला दुप्पट वजन देऊन `(2M+T)/3` काढलं की ०.६९३१५५ मिळतं, हाच सिम्पसन रूल.

मग ट्रॅपेझॉइड वापरायचाच कशाला? तर पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या विसर्गाचे आकडे येतात ना, अमुक वाजता इतके क्युसेक, त्यावरून एकूण किती पाणी सोडलं ते काढायचं असेल तर तुमच्याकडे फक्त त्या त्या वेळेचे आकडे असतात, मधल्या वेळेचे नसतात, तिथे ट्रॅपेझॉइडच सरळ पडतो. पण तिथे `f''` माहीत नाही, त्यामुळे `K` पण नाही, आणि मधेच गेट उघडलं तर वक्र गुळगुळीतही राहत नाही.

`K` मिळत नाही असं फॉर्म्युला हातात असतानाही होतं. `√x` चं ० ते १ संकलन घ्या, ० पाशी `f''` अनंताकडे जातो, म्हणजे वरचा बाउंड काहीच सांगत नाही. उत्तर तरीही येतं, फक्त हळू. पट्ट्या दुप्पट केल्यावर चूक पाव व्हायला हवी, `1/x` मध्ये ४ च्या ८ केल्यावर ती ०.००३८८ वरून ०.०००९७ वर येते, तशीच. `√x` मध्ये ट्रॅपेझॉइडची चूक ०.०२३४ वरून ०.००८५ वरच येते, म्हणजे जेमतेम पावणेतीन पट कमी. हा रेशो चारपेक्षा कमीच राहिला तर समजायचं की दुसरा डेरिव्हेटिव्ह कुठेतरी बिघडलाय, आणि बहुतेक वेळा तो टोकालाच बिघडलेला सापडतो.