लावलेले दिवे विझलेले का दिसत होते

खारघरमधल्या एका फ्लॅटच्या हॉलचा रेंडर. काम दुसऱ्या ऑफिसमधून अर्धवट अवस्थेत आलं होतं. छताला चारी बाजूंनी कोव्ह, आत एलईडी स्ट्रिप, आणि मध्यभागी टीपॉयच्या वर दुधी काचेचे दोन गोल पेंडंट. डिझायनर मॅडमची तक्रार एका वाक्याची होती : "पेंडंट लावलेत ना तुम्ही? मला ते बंद वाटतात."

पेंडंट चालूच होते. प्रत्येकात 800 लुमेनचा बल्ब धरला होता. तरी त्यांचं म्हणणं खरं होतं. चित्रात ते पांढरे प्लॅस्टिकचे चेंडू दिसत होते आणि त्यांच्या वरचं छत कोव्हलगत जळून पांढरंफटक झालं होतं. जळलेल्या पट्ट्यानंतर एक धारदार रेघ, आणि रेघेच्या पलीकडे छत एकदम मंद.

फाइल ज्यांच्याकडून आली त्यांनी दोन उपाय करून पाहिले होते, आणि हेच दोन उपाय मला सगळीकडे दिसतात. पहिला, व्ही-रेच्या फ्रेम बफरमध्ये `Highlight Burn` खाली आणणं. त्याने छताची जळ गेली खरी, पण छत राखेसारखं करडं झालं आणि पेंडंटची उरलीसुरली चमकही दबली. दुसरा, `LightMix` मध्ये कोव्हचा गट 0.3 वर आणणं. जळलेला पट्टा सावरला, पण छताचा बाकीचा भाग काळवंडला. असं होणारच होतं. लाइटमिक्स एका गटाचा सगळा प्रकाश एकाच पटीने कमी-जास्त करतो. स्ट्रिपच्या डोक्यावरचा भाग आणि छताचा मध्य यांच्यातलं प्रमाण त्याने बदलत नाही, आणि इथे बिघडलं होतं ते प्रमाणच.

म्हणून एक्स्पोजर एकदाच बसवून कुलूपबंद केलं : एफ 4, शटर 1/8, आयएसओ 100. ते सोफ्यावर आणि भिंतीवर बघून ठरवलं, छताकडे बघून नाही. मग फ्रेम बफरमध्ये छतावर कर्सर फिरवून खालचे आकडे वाचले. 1.0 च्या वर गेलेला भाग जळलेला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याआधीची एक खूण फार कमी लोक बघतात. 3000 केल्विनच्या उबदार प्रकाशात लाल चॅनेल सगळ्यात आधी 1 ला टेकतो, हिरवा आणि निळा मागून येतात. त्यामुळे जळण्याच्या काठावर नारिंगीचा पिवळा होतो आणि पिवळ्याचा पांढरा. छतावर अशी लिंबोणी कडा दिसली की समजावं, आतला भाग हातचा गेला आहे.

छताच्या मटेरियलचा रंग पूर्ण पांढरा ठेवला होता, म्हणजे पडलेला सगळा प्रकाश परत. खऱ्या पांढऱ्या रंगाचं छत साधारण 80 टक्के परत देतं. कोव्हसारख्या अरुंद खाचेत हा फरक साचत जातो, कारण तोच प्रकाश भिंत, स्लॅब आणि फळी यांच्यात पुन्हा पुन्हा आपटतो. बंद डब्यात 0.8 परावर्तनाने प्रकाश 5 पट होतो, 0.95 ने 20 पट. कोव्ह एका बाजूने उघडा असल्यामुळे तेवढं होत नाही, पण दिशा तीच. रंग 0.8 वर आणला. जळ थोडी उतरली, रेघ मात्र जशीच्या तशी.

मग स्ट्रिपचे दिवे उघडून पाहिले. `VRayLight` प्लेन, एकक `Luminous power`. हे एकक बरोबर निवडलं होतं, कारण व्ही-रेच्या मूळ एककात प्लेन लांब केला की प्रकाशही वाढतो. पण लुमेनमध्ये आकडा पूर्ण दिव्याचा असतो, मीटरचा नव्हे. लांब बाजूची स्ट्रिप 3.9 मीटर, 900 लुमेन प्रति मीटरने 3510. इथपर्यंत ठीक. आखूड बाजूसाठी त्याचीच कॉपी करून लांबी 2.4 मीटर केली होती आणि आकडा तसाच राहिला होता. म्हणजे आखूड बाजूला मीटरमागे 1460 च्या वर लुमेन. टीव्हीच्या भिंतीकडचं छत जास्त का जळतंय, याचं उत्तर हे होतं. तिथे 2160 हवे होते. कॉपी केल्यावर लांबीला भागून बघण्याची सवय मोठ्या ऑफिसांतही नसते, आणि त्याचा मला खरोखर त्रास होतो, कारण ही चूक चित्रात कधीच ओरडून सांगत नाही.

आता ती रेघ. कोव्हचा सेक्शन मागवला तर मिळाला नाही. फॉल्स सीलिंगचा प्लॅन होता, त्यावर ठिपक्यांची रेघ आणि "कोव्ह लाइट" एवढंच. माझ्या मते सेक्शनशिवाय कोव्ह रेंडर करायला देणं म्हणजे अर्धं काम देणं आहे, कारण कोव्हचा सगळा खेळ तीन मापांवर चालतो : स्ट्रिपपासून स्लॅब किती वर, स्ट्रिप लपवणारी उभी पट्टी स्ट्रिपपेक्षा किती उंच, आणि त्या पट्टीपासून स्ट्रिप किती मागे. मॉडेलमध्ये ही मापं 10, 5 आणि 15 सेंटिमीटर होती.

कागदावर एक तिरकी रेषा काढली की रेघेचं कारण समोर येतं. स्ट्रिपवरून निघून पट्टीच्या माथ्याला घासत जाणारा किरण 15 सेंटिमीटर पुढे जाताना 5 सेंटिमीटर चढतो. म्हणजे 10 सेंटिमीटर चढून स्लॅबला टेकेपर्यंत तो फक्त 30 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. त्यापलीकडे थेट प्रकाश पोचतच नाही. छताचा मध्य स्ट्रिपपासून 120 सेंटिमीटरवर. तिथपर्यंत जायचं ते फक्त उडालेल्या प्रकाशाने.

जळ कुठून येते तेही याच कागदावर दिसतं. लांब स्ट्रिपच्या बरोबर डोक्यावर प्रकाश अंतराच्या वर्गाने नाही, साध्या अंतराच्या प्रमाणात उतरतो. मीटरमागचे लुमेन भागिले अंतराची दुप्पट. 900 भागिले 0.2, म्हणजे 4500 लक्स. बाजूला सरकलं की तो फार झपाट्याने पडतो. स्ट्रिप सरळ वर बघत असेल आणि पट्टी मध्ये नसती, तरी 90 सेंटिमीटरवर जेमतेम 6 लक्स. साडेसातशे पट फरक, कॅमेऱ्याच्या भाषेत साडेनऊ स्टॉप. कुठलंही एक्स्पोजर ही दोन टोकं एका चित्रात नीट बसवू शकत नाही.

आणि इथेच पेंडंटचं कोडं सुटलं. 20 सेंटिमीटर व्यासाचा दुधी गोळा, 800 लुमेनपैकी काचेतून 640 बाहेर पडतात असं धरलं, तर त्याची चकाकी चौरस मीटरला 1600 कँडेलाच्या आसपास येते. 4500 लक्स पडलेल्या पांढऱ्या छताची येते 1150 च्या जवळ. दिवा आणि छत जवळपास सारखेच उजळ! मागचं छत तितकंच चमकत असेल तर डोळा त्या गोळ्याला दिवा म्हणून ओळखणार कसा? पेंडंट वाढवून हे सुटलं नसतं. तो आधीच 1.0 च्या वर होता, आणि जळलेल्यावर आणखी जाळलं तरी पांढरा पांढराच राहतो.

मॅडमना फोन केला. "कोव्हचं माप बदलावं लागेल. रेंडरमध्ये नुसतं नाही, साइटवरही."

"पीओपीवाल्याने चॅनेल मारायला घेतलेत. किती बदल आहे?"

"स्लॅबपासून 10 च्या ऐवजी 15 सेंटिमीटर. उभी पट्टी 5 च्या ऐवजी अडीच. स्ट्रिप 45 अंशाच्या कोनी प्रोफाइलमध्ये, तोंड हॉलच्या मध्याकडे. आणि स्ट्रिप अर्ध्या ताकदीची, 450 लुमेन मीटरमागे."

"अर्धी? हॉल अंधारा होईल."

ही भीती सगळ्यांना असते. आकडे उलट सांगतात. नव्या मापात पट्टीला घासणारा किरण 90 सेंटिमीटरपर्यंत पोचतो. डोक्यावरचा प्रकाश 1060 लक्सवर येतो आणि 90 सेंटिमीटरवर, अर्ध्या लुमेनमध्ये, 33 लक्स मिळतात. साडेसातशे पटीचा फरक 32 पटीवर, पाच स्टॉपवर. सगळ्यात मोठा वाटा तिरक्या प्रोफाइलचा आहे, कारण वर बघणारी स्ट्रिप आपला बहुतेक प्रकाश स्वतःच्या डोक्यावरच्या वीतभर स्लॅबवर खर्च करते.

एक किंमत मात्र मोजावी लागते. पट्टी बुटकी आणि खाच उंच झाली की कॅमेऱ्याला खाचेतलं जास्त छत दिसतं. कॅमेरा 1.2 मीटर उंचीवर आणि समोरच्या कोव्हपासून 5 मीटर लांब असेल, तर स्ट्रिपच्या डोक्यावरचा सगळ्यात उजळ भाग चित्रात येतो. म्हणून अर्धी ताकद ही सोय नव्हती, गरज होती. 1060 लक्सच्या छताची चकाकी 270 च्या आसपास, म्हणजे पेंडंटच्या एक षष्ठांश. अडीच स्टॉपचं हे अंतर राहिलं की गोळा पेटलेला दिसतो.

पेंडंट बांधताना दुधी काचेला खरंखुरं अपवर्तन देऊन आत बल्ब ठेवला नाही. त्यात दाणे जाता जात नाहीत. गोळ्याला `VRayLightMtl`, फक्त दिसण्यापुरतं. खोलीत प्रकाश टाकणं बंद. आणि त्याच जागी गोल `VRayLight`, 640 लुमेन, `Invisible`, सावलीतून गोळा वगळलेला. गोळ्याच्या मटेरियलला `Falloff` मॅप लावून तीव्रता अशी ठेवली की कडेला रंग 0.9 च्या खाली राहील आणि मध्य जळेल. मध्य जळू द्यायचाच असतो. मध्यही न जळलेला बल्ब कोणालाच चालू वाटत नाही.

दोन्ही थर एकत्र लावले तेव्हा एक गोष्ट आपसूक जमली. गोळे स्लॅबपासून 70 सेंटिमीटर खाली आहेत, आणि प्रत्येकाचा वर जाणारा प्रकाश आपल्या डोक्यावर शंभरेक लक्स टाकतो. कोव्ह जिथे संपतो तिथला मंद मध्य पेंडंटने भरून काढला. तोवर मी दोघांना वेगवेगळं मोजत होतो. आता लाइटमिक्समध्ये कोव्ह 1.0, पेंडंट 1.1, आणि `Highlight Burn` पुन्हा 1 वर. छतावर कर्सर फिरवला तर सगळ्यात उजळ जागी लाल 0.94.

साइटवरचा निरोप संध्याकाळी आला. तीन बाजू 15 सेंटिमीटरवर घेता येतील, पण बाल्कनीकडच्या बाजूचे चॅनेल 10 वर मारून झालेत आणि बोर्डही चढला आहे. त्या बाजूला पट्टी 2 सेंटिमीटरवर कापायला सांगितली. मग किरण 75 सेंटिमीटरपर्यंत जातो. पण डोक्यावरचा प्रकाश तिथे 1590 लक्स होणार, बाकी तीन बाजूंच्या दीडपट. त्या एका बाजूला 300 लुमेनची वेगळी स्ट्रिप घालायची की एकाच ड्रायव्हरवर वेगळा डिमर द्यायला इलेक्ट्रिशियनला पटवायचं, हे अजून ठरलेलं नाही. रेंडरमध्ये ती बाजू 10 सेंटिमीटरचीच ठेवून पाठवली आहे, 300 लुमेनच्या स्ट्रिपसह, आणि सोबत त्या बाजूचा सेक्शन.